रात्रीत मारणारी कण्हेर, पंधरवड्यात मारणारी घाणेरी

संध्याकाळी धडधाकट असलेली गाय सकाळी गोठ्यात मरून पडलेली दिसली, की गावात पहिला अंदाज ठरलेला असतो : पान लागलं असेल. सापाच्या खुणा शोधल्या जातात, त्या सापडत नाहीत, तरी साप कायम राहतो. दुसरीकडे एखादी कालवड आठवडाभर खात नाही, रवंथ करत नाही, अंगावरची कातडी पापुद्र्यासारखी सुटते. तिला खरूज झाली, नाहीतर गोचिडांचा ताप आला असे समजून मलम नि इंजेक्शने चालतात. या दोन्ही जनावरांच्या पोटात एखादा पाला गेला असेल अशी शंका फार उशिरा येते. आणि आली तरी दोन्हींना एकच नाव मिळते, विषबाधा. उपचारही मग एकाच मापाने होतात, आणि घात तिथेच होतो.

महाराष्ट्रात चरणाऱ्या जनावरांना बाधणाऱ्या वनस्पतींची यादी मोठी आहे. एरंड, धोतरा, बेशरम, रुई, ज्वारीचे कोवळे फुटवे अशी ती लांबवता येईल. पण समजून घ्यायला कण्हेर आणि घाणेरी ही जोडी सर्वांत उपयोगी, कारण त्यांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत. एक हृदयावर जाते, दुसरी यकृतावर. एकीची चिमूटभर पाने पुरतात, दुसरीचा पाला किलोंनी लागतो. एक आपणच हौसेने लावतो, दुसरी हटवता हटत नाही.

आधी कण्हेर. ती मुळात कुरणातली वनस्पती नव्हेच. ती असते देवळामागे, शाळेच्या कुंपणाला, बंगल्याच्या फाटकाशी आणि महामार्गाच्या दुभाजकात. दुभाजकात ती लावण्याची कारणे व्यवहारी आहेत. पाणी कमी लागते, समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडतो, फुले बारमाही येतात, आणि जनावरे तिला तोंड लावत नाहीत. हे शेवटचे कारण खरेच आहे, पण झाडावरच्या ओल्या पानांपुरते. ओले पान इतके कडू असते की भुकेली शेळीसुद्धा एकदा चावून सोडून देते. छाटणी झाली, फांद्या कडेला पडल्या, दोन-तीन दिवसांच्या उन्हात पाने सुकून वळली, की त्यांचा कडवटपणा बराच कमी जाणवतो. विष मात्र तसूभरही कमी होत नाही. म्हणजे जनावराला सावध करणारी खूण जाते आणि मारणारा भाग राहतो.

किती पाने पुरतात? पशुवैद्यकशास्त्रात गाय आणि घोड्यासाठी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५० मिलिग्रॅम वाळलेली पाने हे प्रमाण घातक धरतात. ३०० किलोंच्या गाईचा हिशेब केला तर १५ ग्रॅम. एका मुठीत सहज मावेल एवढा हा पाला. मेंढीचे वजन तीस-पस्तीस किलो, म्हणजे तिला त्याहूनही फार थोडा पुरतो. दिवाळीनंतर घाटमाथ्यावरून कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांचे कळप रस्त्याकडेनेच चालतात. उपाशी मेंढरे जाता जाता जे दिसेल ते ओढतात. पुढच्या वळणावर छाटलेल्या कण्हेरीचा ढीग असेल, तर तो मेंढक्याने आधी पाहिलेला असला पाहिजे. मागे चालणाऱ्या कुत्र्याला काही ते कळणार नाही.

पण माझ्या मते रस्त्यापेक्षा जास्त धोका फुकटच्या गवतात आहे. शहरालगतच्या गोठ्यांना सोसायट्यांच्या बागेतले कापलेले गवत मिळते. माळी हिरवळ कापतो, कुंपण छाटतो, सगळे एकाच पोत्यात भरतो आणि गोठेवाला आभार मानून घेऊन जातो. हे पोते कडबाकुट्टीच्या यंत्रातून निघाले, की पानाचा आकार नाहीसा होतो आणि उरलासुरला कडूपणा गवतात मुरतो. मग गाईला वेचून टाकण्याची सोयच राहत नाही. देवळातल्या निर्माल्याचेही तसेच. महादेवाला, गणपतीला कण्हेरीची फुले वाहतात, आणि हार टाकून देण्याऐवजी गाईच्या मुखी घालण्यात पुण्य मानणारे लोक आहेत. कण्हेरीचे विष पानात, फुलात, सालीत, मुळात, सगळीकडे असते. घंटेसारखी पिवळी फुले येणारी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हे वेगळे झाड आहे, पण विष त्याच घराण्यातले. तिची बी तर विशेष जहाल.

पान ओळखायला सोपे आहे, आणि एकदा ओळखले की कुट्टीतल्या तुकड्यावरूनही ओळखता येते. पान जाड, चामड्यासारखे, वीतभर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळते असते. फांदीवर एका पेरावर बहुधा तीन-तीन पाने येतात. खालच्या बाजूने उजेडात धरा. मधोमध ठसठशीत पांढरट शीर दिसते, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना अगदी जवळजवळ, जवळपास काटकोनात निघालेल्या बारीक समांतर शिरा कडेपर्यंत जातात. गवताच्या शिरा पानाच्या लांबीने जातात, इथे आडव्या. बोटभर तुकडाही एवढ्यावरून वेगळा काढता येतो. मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन करताना डॉक्टर कोठीपोटातल्या लगद्यात हेच तुकडे शोधतात.

विष काम कसे करते तेही जाणून घेतले पाहिजे, कारण उपचारातली सर्वांत मोठी चूक तिथून होते. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. त्याच्यावर ठोक्याची लय अवलंबून असते. कण्हेरीतले ओलिअँड्रिन हा पंप अडवते. पेशीत सोडियम साठते, त्यामागोमाग कॅल्शियम वाढते, रक्तात पोटॅशियम चढते आणि हृदयाची लय बिघडते. ठोके कधी मंद, कधी धावते, मधेच एखादा गाळलेला, असे होत होत ते थांबते. आता गोठ्यातले दृश्य पाहा. गाय बसली आहे, उठत नाही, कान आणि पाय गार पडले आहेत. नुकत्याच व्यायलेल्या गाईत हे चित्र दुग्धज्वराशी इतके जुळते, की कॅल्शियमची बाटली शिरेतून चढवायचा विचार साहजिकच सुचतो. दुग्धज्वरात ती बाटली जीव वाचवते. कण्हेरीच्या बाधेत पेशीत आधीच वाढलेल्या कॅल्शियमवर आणखी भर पडते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून डॉक्टरांना फोन करताना ‘गाय बसली’ एवढेच सांगून भागत नाही. ‘काल बागेतलं गवत घातलं होतं’ हे वाक्य आधी सांगायचे.

बाधा झाल्यावर पहिली लक्षणे काही तासांत दिसतात. जनावर खाणे सोडते, लाळ गाळते, दात खाते, पोटाकडे वळून पाहते नाहीतर पोटावर लाथा मारते. पातळ हगवण लागते, कधी रक्तमिश्रित. मग अशक्तपणा, थरथर, आणि बहुधा दिवस-रात्रीच्या आत मृत्यू. पुष्कळदा यातले काहीच कुणी पाहिलेले नसते, कारण सगळे रात्री घडून गेलेले असते. मालकाला एक गोष्ट स्वतः तपासता येते. शेपटीच्या बुडाजवळ, शेपटीच्या आतल्या बाजूला मध्यावर दोन बोटे हलकेच टेकवा, तिथे नाडी लागते. मोठ्या गाईची नाडी मिनिटाला साधारण ५० ते ८० आणि एकसारखी असते. इथे आकड्यापेक्षा लय पाहायची. ठोके अडखळत असतील, दोन ठोक्यांत भलतेच अंतर पडत असेल, तर ती खूण डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे.

डॉक्टर येईपर्यंत मालकाच्या हातात दोनच कामे असतात. समोरचा चारा ताबडतोब काढून नमुना जपून ठेवणे, आणि जनावराला अजिबात न पळवणे. उठवण्यासाठी शेपटी पिरगाळणे, टेम्पोत चढवून दवाखान्यात नेणे, चार माणसांनी धरून बांबूच्या नळीने तेल किंवा चिंचेचे पाणी ढोसणे, यातल्या कशानेही डळमळते हृदय बंद पडू शकते. शिवाय ढोसलेले पातळ औषध फुप्फुसात उतरण्याचा धोका असतोच. डॉक्टर पोटात नळी घालून सक्रिय कोळसा देतात, हृदयाची लय सावरणारी औषधे देतात. माणसांत अशा विषावर प्रतिपिंडांचे इंजेक्शन निघाले आहे, पण त्याची किंमत गाईच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते. थोडक्यात, कण्हेरीत उपचाराची खिडकी फार लहान असते. भर द्यायचा तो चाऱ्यावरच.

घाणेरीचे गणित वेगळे. टणटणी म्हणूनही ती ओळखली जाते. मूळची अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून देशभर गेली. चौकोनी दांडा, त्यावर वाकडे बारीक काटे, समोरासमोर दातेरी पाने, हात फिरवला तर खरखरीत. पान चुरगळले की उग्र वास सुटतो. फुलांचा गुच्छ तर ओळखीचाच : आतली नवी फुले पिवळी, बाहेरची जुनी केशरी, लाल किंवा गुलाबी. फळे आधी हिरवी, मग काळीभोर. हिच्या अनेक जाती आहेत आणि सगळ्या सारख्याच विषारी नसतात. पण फुलाच्या रंगावरून भरवसा ठेवणे मूर्खपणाचे आहे. माळावर दिसेल ती प्रत्येक घाणेरी विषारी धरावी.

घातक होण्यासाठी तिचा पाला बराच लागतो. जहाल जातीच्या बाबतीत जनावराच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास ओला पाला गेला, की धोका सुरू होतो. ३०० किलोंच्या गाईसाठी हे झाले ३ किलो. एवढा बेचव पाला जनावर का खाईल? दोन कारणांनी. एक, एप्रिल ते जून. माळावरचे गवत संपलेले असते, घाणेरी मात्र हिरवी असते, किंवा पहिल्या वळवाने तिला नवी पालवी फुटलेली असते. दुसरे कारण ओळख नसणे. घाणेरीच्या रानातच वाढलेली जनावरे उपासमारीखेरीज सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. बाजारातून आणलेल्या, गोठ्यात बांधून वाढवलेल्या जनावराला ही समज नसते. त्यामुळे एकाच कळपातली बाकीची जनावरे ठणठणीत आणि नवी तेवढी आजारी, असे दिसले तर घाणेरीचा विचार आधी करावा.

एक नेहमीच्या साच्यातली केस घेऊ. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक संकरित कालवड मेअखेर बाजारातून आणली आणि दुसऱ्याच दिवशी गावच्या जनावरांबरोबर डोंगरउतारावर सोडली. प्रवासात ती उपाशी होती, उतारावर गवत नव्हते. संध्याकाळी पोट भरलेले दिसले म्हणून मालक खूश. दुसऱ्या दिवशी तिने वैरण हुंगून सोडली, रवंथ बंद. शेण थोडे, घट्ट, गोळ्यांचे. मालक म्हणतो, जागा बदलली म्हणून रुसली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उन्हाला तोंड फिरवते, झाडाखाली जाऊन उभी राहते, डोळ्यांतून पाणी गळते. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरा भाग पिवळा, लघवी गडद. नाकाचा नेहमी ओला असणारा भाग कोरडा पडून तडकतो. आठवडा होईतो अंगावरचे पांढरे पट्टे सुजतात, लाल होतात, आणि कातडी वाळून सुटू लागते. पण फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर. काळ्याची आणि पांढऱ्याची हद्द जिथे आहे तिथे आजारही अगदी रेषेवर थांबतो.

ही रेष हेच या रोगाचे निदान. घाणेरीतली लँटाडीन नावाची द्रव्ये यकृतातून पित्त बाहेर पडण्याची वाट बंद करतात. आता, चरणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात हिरव्या पाल्यातल्या हरितद्रव्याचे जंतूंकडून विघटन होऊन फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ रोजच तयार होत असतो. एरवी तो पित्ताबरोबर निघून जातो. पित्त तुंबले की तो रक्तात साठतो, कातडीत पोचतो आणि सूर्यप्रकाश पडताच तिथल्या पेशी जाळतो. काळ्या कातडीतले रंगद्रव्य ऊन अडवते, पांढरीला आडोसा नसतो. म्हणूनच म्हशीत कातडीवरून काही कळत नाही. तिथे डोळ्याची पापणी, नाक, सड आणि कासेवरची उघडी त्वचा पाहावी लागते. गोचिडांमुळे होणाऱ्या काविळीशीही गोंधळ होतो, पण त्या रोगात बहुधा जबर ताप असतो. घाणेरीच्या बाधेत तो सहसा नसतो. थर्मामीटर लावून पाहण्याइतके हे सोपे आहे.

नुसते मलम लावल्याने जनावर का बरे होत नाही, हे यावरून कळेल. पण खरी गंमत, तिला गंमत म्हणवत नाही, ती कोठीपोटात आहे. यकृत बिघडले की कोठीपोटाची हालचाल थंडावते. हालचाल नाही म्हणून पाला पुढे सरकत नाही. तो तिथेच बसून थोडे थोडे विष सोडत राहतो, ते यकृत आणखी बिघडवते. जनावराने घाणेरीला पुन्हा तोंड लावले नाही तरी रोज नवा डोस मिळतच असतो. याची दुसरी बाजू आशादायक आहे. कण्हेरीत काही तासांनी उशीर झालेला असतो, इथे चार-पाच दिवसांनीही पोटातला पाला निकामी करण्यात अर्थ उरतो. त्यासाठी सक्रिय कोळसा वापरतात, मोठ्या जनावराला सुमारे अडीच किलो, क्षार घातलेल्या वीस लिटर पाण्यात कालवून पोटातल्या नळीने. शेळी-मेंढीला अर्धा किलो, चार लिटरांत. लागल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऑस्ट्रेलियात, जिथे घाणेरीने असाच उच्छाद मांडला आहे, बेंटोनाइट माती हा स्वस्त पर्याय वापरून पाहिला गेला. ती काम करते, मात्र गुण सावकाश येतो. चुलीतला कोळसा कुटून हे साधत नाही, औषधी कोळशाला विष धरून ठेवणारी सूक्ष्म छिद्रे मुद्दाम पाडलेली असतात. पाला फारच असेल तर कोठीपोट उघडून तो काढण्याची शस्त्रक्रियाही करतात.

घरच्या बाजूने करायचे ते एवढे : अंधाऱ्या गोठ्यात बांधणे, फटीतून येणारी उन्हाची तिरीपसुद्धा अडवणे, आणि हिरवा चारा पूर्ण बंद करून वाळलेली वैरण नि भरपूर पाणी देणे. आजारी गुराला लोक प्रेमाने लुसलुशीत हिरवे घालतात. इथे त्याचा उलटा परिणाम होतो, कारण हिरव्यातूनच ते कातडी जाळणारे द्रव्य बनते. उपचार न मिळालेले जनावर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाते. तोवर यकृताबरोबर मूत्रपिंडेही खराब झालेली असतात.

आता दूर ठेवण्याचे. कण्हेरीबाबत नियम सरळ आहे : जिथे जनावरे बांधतात किंवा जिथून त्यांची रोजची वाट आहे, तिथे ती नको. आहे तिथे छाटणी झाल्या दिवशीच फांद्या उचलून खोल खड्ड्यात पुराव्यात. जाळू नयेत, धूरही बाधतो. पाणवठ्यावर, हौदावर तिची सावली पडत असेल तर ती तोडावी, पाण्यात पडून कुजणारी पानेही विषारी असतात. आणि माळ्याशी बोलावे. गवताचे पोते वेगळे, कुंपणाच्या छाटणीचे वेगळे, एवढे त्याच्याकडून झाले तरी पुष्कळ.

घाणेरीबाबत, नवे जनावर आणले की पहिले काही दिवस गोठ्यात पोटभर चारावे आणि मगच जुन्या जनावरांबरोबर, भरल्या पोटी, बाहेर काढावे. दाव्याला बांधून चारायचे तर दाव्याच्या घेरात एकही झुडूप येत नाही ना, ते चालत जाऊन पाहावे. बांधलेल्या जनावराला निवड नसते. काही जण शेताला वाळलेल्या घाणेरीचे कुंपण घालतात. पानांसकट घातले तर तेही धोक्याचेच.

कुरणातून ती काढायची असेल तर नुसती कोयत्याने छाटून किंवा आग लावून उपयोग नाही, बुंध्यातून पहिल्यापेक्षा दाट फूट येते. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत मला सर्वांत शहाणी वाटते. झुडुपाचा बुंधा जिथे मुळात शिरतो, तिथून नवी फूट येते. कुदळीने त्या भागाच्या खाली, जमिनीच्या आत चार-पाच सेंटिमीटरवर, मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उपटून मुळे वर करून तिथेच उलटे ठेवायचे, म्हणजे मातीला टेकून ते पुन्हा रुजत नाही. उलटी ठेवलेली झुडुपे सुकून पाने झडेपर्यंत त्या तुकड्यात जनावरे मात्र सोडायची नाहीत. हे काम पावसात, माती भिजलेली असताना आणि फळे धरण्याआधी करावे. मोकळ्या झालेल्या जागी लगेच मारवेल किंवा पवन्यासारखे गवत लावले नाही, तर पुढच्या पावसाळ्यात रोपे पुन्हा उभी. ती कुठे शोधायची तेही ठरलेले आहे : मोठ्या झाडांखाली, विजेच्या तारांखाली, जिथे पक्षी बसतात तिथे. पुढचे दोन-तीन पावसाळे तेवढ्या जागा फिरून, बोटभर असतानाच ती हाताने उपटता येतात.

विषबाधेची शंका आली तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना जनावराने काय खाल्ले, कधी खाल्ले, नाडी कशी लागते, डोळे पिवळे आहेत का आणि ताप किती, एवढे हाताशी ठेवावे. जनावर दगावले तर शवविच्छेदन होईपर्यंत कुत्र्यांना प्रेताजवळ फिरकू देऊ नये, आणि बाधा झालेल्या गाईचे दूध डॉक्टर हो म्हणेपर्यंत ना घरात वापरावे, ना डेअरीवर घालावे.